शिंपल्यांचा चुना आणि मोलची सहा गणितं

काजूच्या कारखान्यात गर मोजत कुणी बसत नाही. डब्यावर ‘डब्ल्यू ३२०’ लिहिलेलं असतं. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर बसतात, असा त्याचा अर्थ. ‘डब्ल्यू २४०’ असेल तर तेवढ्याच वजनात २२० ते २४० गर. ते मोठे असतात, म्हणून संख्येनं कमी भरतात. वजन करायचं आणि त्यावरून संख्या काढायची, ही रीत कोकणात घराघरात माहीत आहे. पण तीच रीत अकरावीच्या पहिल्या महिन्यात ‘मोल’ नावानं समोर आली की मुलं गांगरतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं जास्त, कारण त्याच महिन्यात पुस्तकही इंग्रजी झालेलं असतं.

मोल म्हणजे एक ठरावीक संख्या. डझन म्हणजे १२, शेकडा म्हणजे १००, तसं मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. २० मे २०१९ पासून ही संख्या व्याख्येनंच पक्की केली आहे: ६.०२२१४०७६ × १०²³. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल, अशी व्याख्या होती. जुन्या पुस्तकांत ती अजून दिसते. गणितासाठी दोन्हींत फरक पडत नाही.

अणू मोजता येत नाहीत, वजन करता येतं. म्हणून आपल्याला हवा ‘एका मोलचा भार’, म्हणजे मोलर वस्तुमान. काजूगराच्या प्रत्येक प्रतीचा भार वेगळा, तसा प्रत्येक पदार्थाच्या एका मोलचा भार वेगळा. या लेखातली सगळी गणितं एका तुलनेवर उभी आहेत: सारख्या वजनाच्या दोन ढिगांत गर सारखे नसतात, तसे सारख्या ग्रॅमच्या दोन पदार्थांत मोल सारखे नसतात. आणि रासायनिक समीकरण मोलचा हिशोब सांगतं, ग्रॅमचा सांगत नाही.

सहाही गणितं एकाच वस्तूवर घेतली आहेत: शिंपल्या. खाडीला सुकती लागली की बायका तिसऱ्या, मुळे काढायला चिखलात उतरतात. घरी कालवण होतं आणि परड्याच्या कडेला कवचांचा ढीग पडतो. तो ढीग बहुतांशी कॅल्शिअम कार्बोनेट आहे, CaCO₃. बाकी थोडं प्रथिनांचं पातळ आवरण, आत अडकलेली वाळू, वरचं मीठ. पूर्वी खाडीकाठी शिंपल्या आणि कोळसा यांचे थर लावून चुनभट्टी पेटवत आणि त्यातून बांधकामाचा चुना निघे. वस्तू तीच राहिली की डोकं फक्त हिशोबाकडे लागतं, म्हणून मी वर्गातही असंच शिकवतो.

एक सवय मात्र पहिल्या ओळीपासून हवी. कोणताही आकडा एकटा लिहायचा नाही. ‘०.२५’ असं लिहिलंत तर पुढच्या ओळीत ते काय होतं हे तुम्हालाच आठवणार नाही. ‘०.२५ मोल CaCO₃’ असं लिहा. आकडा, एकक आणि पदार्थ, तिन्ही एकत्र. मी तपासलेल्या वह्यांमधल्या बहुतेक चुका भागाकाराच्या नव्हत्या; आकडा कोणत्या पदार्थाचा, हेच हरवलेलं होतं.

अणुवस्तुमानं अशी घेऊ: Ca ४०, C १२, O १६, H १, Cl ३५.५.

पहिलं गणित: ग्रॅमवरून मोल

शुद्ध CaCO₃ २५ ग्रॅम आहे. किती मोल?

आधी एका मोलचा भार काढू. एक Ca, एक C आणि तीन O.

४० + १२ + (३ × १६) = १०० ग्रॅम प्रति मोल

म्हणजे १०० ग्रॅमला एक मोल. आपल्याकडे २५ ग्रॅम आहेत.

२५ ÷ १०० = ०.२५ मोल CaCO₃

इथे चूक होते ती सूत्रातल्या खालच्या ३ ची. तो फक्त ऑक्सिजनचा आहे, पण घाईत तो सुटतो आणि ४० + १२ + १६ = ६८ होतं. मग उत्तर ०.३७ मोल येतं. दुसरी चूक भागण्याऐवजी गुणण्याची. २५ × १०० = २५०० मोल लिहून मुलं पुढे निघून जातात. ती पकडायला एकच प्रश्न पुरतो: माझ्याकडचं वजन एका मोलच्या भारापेक्षा कमी आहे की जास्त? २५ हे १०० पेक्षा कमी आहे, तर उत्तर एका मोलपेक्षा कमीच यायला हवं. गणित करायच्या आधी हा अंदाज समासात लिहून ठेवा.

दुसरं गणित: मोलवरून अणू

त्याच २५ ग्रॅममध्ये ऑक्सिजनचे अणू किती?

CaCO₃ मध्ये पाण्यासारखे सुटे रेणू नसतात. Ca²⁺ आणि CO₃²⁻ आयन रचून ठेवलेले असतात. म्हणून ‘रेणू’ न म्हणता ‘सूत्र-एकक’ म्हणायचं. एका सूत्र-एककात ऑक्सिजनचे तीन अणू.

०.२५ मोल CaCO₃ × ३ = ०.७५ मोल O अणू
०.७५ × ६.०२२ × १०²³ = ४.५२ × १०²³ अणू (सुमारे)

इथला घोटाळा भाषेचा आहे. ‘ऑक्सिजनचे मोल’ म्हटलं की काहींच्या मनात हवेतला O₂ येतो, आणि ते ०.७५ ला २ नं भागतात किंवा ३२ नं गुणतात. शिंपलीत O₂ नाही, O अणू आहेत. म्हणून कोणते कण मोजतो आहोत हे मोलच्या पुढे लिहिलंच पाहिजे. ‘एक शेकडा’ एवढंच सांगितलं तर समोरचा विचारणारच, शेकडा काय, नारळ की सुपाऱ्या?

तिसरं गणित: भट्टीतून चुना किती निघेल

शुद्ध CaCO₃ मानून १ किलो शिंपल्या पूर्ण भाजल्या. कळीचा चुना किती मिळेल? तो विरवायला पाणी किती लागेल?

सुमारे ९०० अंश सेल्सिअसला शिंपली अशी फुटते:

CaCO₃ → CaO + CO₂

इथून पुढची सगळी गणितं तीन पायऱ्यांची आहेत. दिलेल्या पदार्थाचे ग्रॅम मोलमध्ये आणा. समीकरणातल्या प्रमाणानं दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा. ते मोल परत ग्रॅममध्ये न्या. पहिल्या पदार्थाच्या ग्रॅमवरून दुसऱ्याच्या ग्रॅमवर सरळ जाता येत नाही. खाडीच्या पलीकडच्या गावाला जायचं तर तरीतूनच जावं लागतं, तसं मोलमधूनच जायचं.

१००० ग्रॅम ÷ १०० = १० मोल CaCO₃
प्रमाण १ : १, म्हणून १० मोल CaO
CaO चा मोलर भार ४० + १६ = ५६
१० × ५६ = ५६० ग्रॅम CaO

उरलेलं कुठे गेलं? १० मोल CO₂, म्हणजे १० × ४४ = ४४० ग्रॅम, हवेत. ५६० आणि ४४० मिळून बरोबर १००० होतात. ही बेरीज केल्याशिवाय गणित संपलं असं समजू नका. नीट भाजलेली शिंपली आकारानं तशीच दिसते, पण हातात घेतली तर हलकी लागते. ते हलकेपण म्हणजेच हे ४४० ग्रॅम.

आता विरवण:

CaO + H₂O → Ca(OH)₂

१० मोल CaO ला १० मोल पाणी, म्हणजे १८० ग्रॅम. विरलेला चुना ७४० ग्रॅम. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात विरवताना इतकी उष्णता निघते की बरंच पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून यापेक्षा पुष्कळ जास्त पाणी घालावं लागतं. कळीच्या चुन्यावर पाणी घालायचा प्रयोग घरी करू नये. तो उसळतो, आणि उडालेला कण डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

चूक इथे दोन ठिकाणी होते. ‘प्रमाण १ : १ आहे, म्हणून १ किलोपासून १ किलो’ ही पहिली. प्रमाण मोलचं आहे, आणि CaO चा मोल CaCO₃ च्या मोलपेक्षा हलका आहे. डब्ल्यू २४० चे शंभर गर आणि डब्ल्यू ३२० चे शंभर गर, संख्या एकच, वजन वेगळं. दुसरी चूक किलोची: १ ÷ १०० = ०.०१ मोल. एककं लिहायची सवय असेल तर ‘किलो भागिले ग्रॅम प्रति मोल’ हे डोळ्यांनाच खटकतं.

चौथं गणित: अर्धवट भाजलेली शिंपली

२०.० ग्रॅम शुद्ध CaCO₃ तापवलं. गार झाल्यावर उरलेल्या घन पदार्थाचं वजन १३.४ ग्रॅम भरलं. किती टक्के CaCO₃ फुटलं?

हे माझं आवडतं गणित आहे, कारण इथे पाठ केलेली पायरी चालत नाही. जवळजवळ सगळा वर्ग १३.४ ला ५६ नं भागतो. येतं ०.२३९ मोल CaO. पण सुरुवातीला CaCO₃ होतं २०.० ÷ १०० = ०.२०० मोल. ०.२०० मोलपासून ०.२३९ मोल CaO निघूच शकत नाही. हे पाहून थांबलात तर गणित अर्धं सुटलं.

चूक अशी की उरलेले १३.४ ग्रॅम सगळे CaO नाहीत. त्यात न फुटलेलं CaCO₃ सुद्धा आहे. मग शुद्ध असा एकच पदार्थ कोणता, ज्याचं वजन आपल्याला खात्रीनं माहीत आहे? जो निघून गेला तो.

२०.० − १३.४ = ६.६ ग्रॅम CO₂
६.६ ÷ ४४ = ०.१५ मोल CO₂
म्हणून ०.१५ मोल CaCO₃ फुटलं
०.१५ ÷ ०.२०० × १०० = ७५ टक्के

ताळा पाहू. ०.१५ मोल CaO म्हणजे ८.४ ग्रॅम. न फुटलेलं ०.०५ मोल CaCO₃ म्हणजे ५.० ग्रॅम. बेरीज १३.४. जुळलं.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. वजनातली सगळी घट CO₂ ची आहे असं आपण धरलं. शिंपली ओली असेल तर पाणीही उडतं, वरचं प्रथिनांचं आवरण जळतं, आणि दोन्ही CO₂ च्या खात्यावर जमा होतात. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे चुरा कोरडा राहील ही आशा करू नये. तापवण्याआधी तो ११० अंशांवर दोनेक तास वाळवून, गार करून मगच पहिलं वजन घ्यायचं. त्यानं पाण्याचा प्रश्न सुटतो. आवरणाचा सुटत नाही.

पाचवं गणित: आधी काय संपेल

६.० ग्रॅम CaCO₃ वर २.० मोलर HCl चे ५० मिली ओतले. किती CO₂ निघेल? कोणता पदार्थ किती उरेल?

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂

२.० मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात २.० मोल, म्हणून द्रावणातले मोल काढताना मिलीचे लिटर करायचे.

CaCO₃: ६.० ÷ १०० = ०.०६ मोल
HCl: २.० × ०.०५० = ०.१० मोल

इथे वर्गात हात वर होतात. ‘सर, ०.०६ लहान आहे, म्हणून CaCO₃ आधी संपेल.’ हीच या प्रकारातली सर्वांत मोठी चूक. दोन पदार्थांचे मोल एकमेकांशी ताडून काही कळत नाही; लागणारे किती आणि असलेले किती, हे ताडायचं असतं. मोदकाला नारळ दोन आणि गूळ एक ढेप लागत असेल, घरात नारळ तीन आणि ढेपी दोन असतील, तर संख्येनं जास्त असूनही आधी नारळच संपणार.

०.०६ मोल CaCO₃ ला लागणारं HCl: ०.०६ × २ = ०.१२ मोल
असलेलं HCl: ०.१० मोल

आम्ल कमी पडतं. म्हणून पुढचा सगळा हिशोब आम्लावरून करायचा.

CO₂: ०.१० ÷ २ = ०.०५ मोल
वापरलेलं CaCO₃: ०.०५ मोल, म्हणजे ५.० ग्रॅम
उरलेलं CaCO₃: १.० ग्रॅम

बीकरच्या तळाशी पांढरा चुरा उरलेला दिसेल आणि बुडबुडे थांबलेले असतील. तुमच्या उत्तरात आम्ल उरलं आणि बीकरमध्ये चुरा, असं झालं तर बीकरवर विश्वास ठेवा.

CO₂ चं आकारमान विचारलं तर हात आपोआप २२.४ कडे जातो. २२.४ लिटर हे ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचं आकारमान आहे. दाबाचं आताचं प्रमाण १ बार आहे, त्याला ० अंशांवर २२.७ लिटर. पण आपल्या प्रयोगशाळेत ३० अंश तापमान असतं.

२२.४ × (३०३ ÷ २७३) = २४.९ लिटर प्रति मोल (सुमारे)
०.०५ मोल CO₂ म्हणजे सुमारे १.२४ लिटर

२२.४ नं १.१२ लिटर आलं असतं, म्हणजे जवळजवळ दहावा भाग कमी. परीक्षेत तापमान आणि दाब काय दिलाय ते वाचून मगच आकडा निवडा. आणि HCl च्या आकारमानाला, म्हणजे ५० मिलीला, २२.४ नं भागू नका. तो आकडा वायूंचा आहे, द्रावणाचा त्याच्याशी संबंध नाही. ही चूक हुशार मुलंही करतात.

सहावं गणित: शिंपलीत CaCO₃ किती टक्के

आता खऱ्या शिंपलीकडे येऊ. आतापर्यंत ती शुद्ध मानली, ती नाही. शुद्धता काढायला मागच्या पाचही गणितांतलं सगळं लागतं.

CaCO₃ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि शेवटचे कण आम्लात सावकाश जातात. म्हणून ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडून थेट टायट्रेशन करता येत नाही. रंग बदलला असं वाटतं आणि मिनिटाभरात परत फिरतो. उपाय असा की मुद्दाम जास्त आम्ल घालायचं, सगळी शिंपली विरघळू द्यायची, आणि उरलेलं आम्ल अल्कलीनं मोजायचं. याला बॅक टायट्रेशन म्हणतात. दुकानात शंभराची नोट दिली आणि परत किती आले ते मोजलं, की माल किती रुपयांचा ते कळतं. तसंच.

प्रयोग असा केला. वाळवलेल्या तिसऱ्यांच्या कवचाचा बारीक चुरा, बरोबर १.०० ग्रॅम. त्यावर ०.५०० मोलर HCl चे ५०.० मिली. बुडबुडे थांबल्यावर मिश्रण काही मिनिटं मंद उकळलं, गार केलं, वर तरंगणारे तपकिरी पापुद्रे गाळून काढले. गाळणी पाण्यानं धुऊन ते पाणीही त्यातच घेतलं आणि मापी चंबूत एकूण २५० मिली केलं. त्यातले २५.० मिली पिपेटनं घेऊन फिनॉल्फ्थॅलिन टाकलं आणि ०.०५०० मोलर NaOH नं टायट्रेशन केलं. तीन वाचनं जुळली: ११.६ मिली.

आकडे लहान आहेत, म्हणून मिलीमोलमध्ये काम करू. मोलर गुणिले मिली म्हणजे थेट मिलीमोल. शून्यांची रांग टळते.

घातलेलं HCl: ०.५०० × ५०.० = २५.० मिलीमोल

NaOH + HCl → NaCl + H₂O, प्रमाण १ : १

२५ मिलीमध्ये उरलेलं HCl: ०.०५०० × ११.६ = ०.५८० मिलीमोल
२५० मिलीमध्ये उरलेलं HCl: ०.५८० × १० = ५.८० मिलीमोल
शिंपलीनं वापरलेलं HCl: २५.० − ५.८० = १९.२ मिलीमोल
CaCO₃: १९.२ ÷ २ = ९.६० मिलीमोल
वजन: ९.६० × १०० = ९६० मिलीग्रॅम, म्हणजे ०.९६० ग्रॅम
शुद्धता: ०.९६० ÷ १.०० × १०० = ९६.० टक्के

मागे एका मुलीनं हे गणित सोडवून वही आणली. उत्तर १२२ टक्के. ती म्हणाली, ‘सर, सगळं तपासलं, कुठेच चुकलं नाही.’ मी वही न उघडताच सांगितलं, दहानं गुणायचं राहिलं. तिला ती जादू वाटली, पण त्यात जादू नाही. या गणितात प्रत्येक चुकीचा स्वतःचा आकडा असतो.

दहानं गुणायचं राहिलं तर उरलेलं आम्ल फक्त ०.५८ मिलीमोल दिसतं. वापरलेलं २४.४२, CaCO₃ १२.२१ मिलीमोल, शुद्धता १२२ टक्के. शंभराच्या वर शुद्धता नसते, म्हणून ही चूक निदान ओरडून सांगते. २ नं भागायचं विसरलात तर १९२ टक्के, तीही ओरडते. पण उरलेलं आम्लच वापरलेलं समजून ५.८० ला २ नं भागलंत, म्हणजे वजाबाकी विसरलात, तर २९ टक्के येतात. हा आकडा गप्प बसतो. ‘असेल शिंपली भेसळीची’ असं म्हणून मुलं पुढे जातात. इथे पहिल्या गणितातला अंदाज कामाला येतो. १.०० ग्रॅम शुद्ध असतं तर १०.० मिलीमोल, म्हणजे २०.० मिलीमोल आम्ल लागलं असतं आणि ५.० मिलीमोल उरलं असतं. आपल्याकडे ५.८० उरलं. अगदी थोडंच जास्त. म्हणजे शिंपली जवळजवळ शुद्धच असणार, आणि २९ टक्के शक्य नाही.

याहून अवघड चूक वहीत नसते, चंबूत असते. मिश्रण उकळलं नाही तर विरघळलेला CO₂ आत राहतो आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होईपर्यंत तोही NaOH खातो. समजा वाचन ११.६ ऐवजी १२.४ मिली आलं. उरलेलं आम्ल ६.२० मिलीमोल दिसेल, वापरलेलं १८.८, शुद्धता ९४.० टक्के. आकडा पूर्ण पटण्यासारखा आहे आणि तरी चुकीचा. गणितातून तो पकडता येणार नाही. प्रयोग करताना मात्र दिसतो: शेवटचा गुलाबी रंग टिकत नाही, अर्ध्या मिनिटात फिका पडतो, तीन वाचनं जुळत नाहीत. ओला चुरा वजन केला तरी शुद्धता अशीच कमी येते, कारण १.०० ग्रॅममध्ये पाण्याचाही वाटा असतो.

अजून एक गोष्ट समजून घ्या. या पद्धतीनं आपण कॅल्शिअम मोजलेलंच नाही. आम्ल किती खर्च झालं ते मोजलं आणि तो खर्च सगळा CaCO₃ च्या नावावर लिहिला. शिंपलीत थोडं मॅग्नेशिअम कार्बोनेट असलं तर तेही आम्ल खातं आणि या ९६ मध्ये मिसळतं. गारेची वाळू आणि मीठ आम्ल खात नाहीत, ते उरलेल्या चारमध्ये जातात. म्हणून प्रयोगवहीत ‘शुद्धता ९६.० टक्के’ एवढंच न लिहिता ‘आम्ल वापरणारा सगळा भाग CaCO₃ मानून ९६.० टक्के’ असं लिहावं.

आता एक तुमच्यासाठी, कालवाच्या कवचाचं. चुरा १.२० ग्रॅम, ०.६०० मोलर HCl ५०.० मिली, एकूण २५० मिली केलं, त्यातल्या २५.० मिलीला ०.०५०० मोलर NaOH १५.० मिली लागलं. इथे चुरा एक ग्रॅम नाही, म्हणून शेवटचा भागाकार विसरू नका. बरोबर उत्तर ९३.८ टक्के. १२२ आलं तर दहाचा गुणाकार राहिला, १८८ आलं तर दोनचा भागाकार, ३१ आलं तर वजाबाकी. आणि ११२.५ आलं तर १.२० नं भागायचं राहिलं.